एक गिझर, सहा माणसं: ग्रुपवर आंघोळीचं वेळापत्रक टाकताना या चुका टाळा

डिसेंबरात नागपूरचा पारा १०-१२ अंशांवर आला की घरोघरी फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज पडतो: "उद्यापासून सगळ्यांनी १५-१५ मिनिटांत आंघोळ उरका, पाणी जपून वापरा." दोन दिवस तो चालतो. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरचा माणूस कोमट पाण्याखाली कुडकुडतो आणि भांडण सुरू होतं. दोष माणसांचा नसतो. मेसेजमध्ये बाथरूम किती वेळ अडतं याचा हिशेब असतो, पण गिझरला पुन्हा तापायला किती वेळ लागतो याचा नसतो.

सर्वांत मोठी चूक हीच. घरोघरी असतो तो १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर धरा. पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १६ अंशांच्या आसपास असतं. ते ६० अंशांपर्यंत न्यायला हा गिझर साधारण २५ मिनिटं घेतो. आंघोळीला ४० अंशांचं पाणी पुरतं, म्हणजे २० लिटरच्या बादलीत ११ लिटर गरम आणि ९ लिटर थंड. १५ लिटरमधले ११ गेले की गिझरमध्ये खालून तेवढंच थंड पाणी शिरतं आणि ते तापायला आणखी १७-१८ मिनिटं लागतात. म्हणजे एका माणसाला एक बादली आणि दोन बादल्यांमध्ये २० मिनिटं, हे तुमच्या गिझरचं गणित आहे. कुणी दुसरी बादली भरली की २२ लिटर गरम पाणी लागतं आणि तेवढं त्यात नसतंच. त्याची दुसरी बादली कोमट होते आणि पुढच्याला जवळजवळ गार गिझर मिळतो. शॉवरचंही तसंच: साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर सोडतो, तेव्हा तीन मिनिटांत गिझर संपला.

आकडे आमचे घेऊ नका, तुमचे मोजा. पहाटे सहाला गिझर पूर्ण तापून तापण्याचा दिवा विझला की एक बादली नेहमीसारखी भरा आणि नळ बंद केल्यापासून दिवा परत विझेपर्यंतची मिनिटं घड्याळात बघा. त्यात बादली भरण्याची तीन मिनिटं मिळवली की तुमचा स्लॉट निघतो. दुपारी मोजू नका, तेव्हा टाकीतलं पाणी आधीच उन्हानं तापलेलं असतं आणि उत्तर फसवं येतं.

दुसरी चूक सुरक्षेची आहे आणि तिनं वेळापत्रकही मोडतं. "आंघोळ करताना गिझर बंद ठेवा" असं लिहिलं, पण स्लॉट २० मिनिटांचेच ठेवले, तर तापायला वेळच उरत नाही. घरात अर्थिंग नीट नसेल, वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवलेला नसेल, तर गिझर बंद करूनच आंघोळ करा आणि स्लॉट सरळ ३० मिनिटांचा धरा. दोन्ही गोष्टी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्या असतील, तर बादली भरून नळ बंद करायचा आणि गिझर तापू द्यायचा. तुम्ही अंगावर पाणी घेत असता तेव्हा पुढच्याची बादली तयार होत असते.

तिसरी चूक म्हणजे "पाणी जपून वापरा" हे वाक्य. त्यातून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी बादलीवर २० लिटरची खूण करा आणि गरम नळ आधी बादलीतच सोडायला सांगा. पाइपात अडकलेलं गार पाणी लोक "गरम येऊ दे" म्हणून मोरीत सोडून देतात. अर्ध्या इंची पाइपच्या दर आठ मीटरला ते साधारण एक लिटर असतं. तेच बादलीत गेलं तर वायाही जात नाही आणि थंड पाणी तेवढं कमी घालावं लागतं. फक्त लहान पोराची बादली मोठ्या माणसानंच भरावी. तिच्यात आधी थंड पाणी, मग गरम. ६० अंशांचं पाणी पोराच्या अंगाला क्षणात भाजतं.

आता मेसेज कसा असावा ते बघा. मानेवाड्यातलं सहा जणांचं घर, चिनूची स्कूल व्हॅन ६:५० ला, मुलाची बुटीबोरीला जाणारी कंपनीची बस ७:१० ला. अर्थिंग आणि आरसीसीबी तपासलेले. मुलानं रात्री ग्रुपवर टाकलेला मेसेज असा:

"सोमवारपासून आंघोळीच्या वेळा.
५:३० बाबा, फिरायला निघताना गिझर तुम्ही लावा.
६:०० चिनू, अर्धी बादली, स्नेहा भरून देईल.
६:१५ मी
६:३५ आई
६:५५ स्नेहा
७:१५ रिकामी वेळ, ज्याला उशीर झाला त्याची
७:३५ बाबा
७:५५ बाबा, दिवा विझला की गिझर बंद करा.
आजी, तुम्ही १० वाजता निवांत करा, पाणी गरम असेल.
प्रत्येकी एक बादली. पाच मिनिटांपेक्षा उशीर झाला तर ७:१५ ला यायचं, मधे घुसायचं नाही. ब्रश आणि दाढी बाहेरच्या बेसिनवर, मग्ग्यात पाणी घेऊन. आठपर्यंत स्वयंपाकघरातला गरम नळ बंद.
रात्री झोपताना टाकी मी बघेन."

यात ७:१५ ची रिकामी वेळ फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर एकाचा उशीर सगळ्यांच्या माथी बसतो. बाबांच्या नंतर गिझर लगेच बंद केला नाही, कारण तापवून बंद ठेवलेल्या गिझरमधलं पाणी दोन तास सहज गरम राहतं आणि आजीसाठी पुन्हा गिझर लावावा लागत नाही. शेवटची ओळही उगाच नाही. गिझरमधलं गरम पाणी टाकीतलं थंड पाणी मागून ढकलतं म्हणूनच बाहेर येतं. टाकी रिकामी असेल तर गिझर काठोकाठ भरलेला असूनही नळाला थेंब येत नाही. तुमच्या भागात नळ ठरावीक वेळीच येत असेल, तर मोटर रात्रीच लावा.

सगळे वेळेवर आले, एकेकच बादली घेतली, तरी चौथ्याला गार पाणी मिळतंय? मग त्याचा नंबर लागताना दिवा बघा. दिवा अजून पेटलेला असेल तर गिझर हळू तापतोय. पहाटे २३० ऐवजी २०० व्होल्टच येत असतील तर गिझरची ताकद पाऊणच राहते आणि १७ मिनिटांची २२-२३ होतात. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढलेले असतात. वेळ महिनोन्महिने हळूहळू वाढत जातो आणि तापताना आतून कडकड असा आवाज येतो. मेकॅनिककडून कॉइल साफ करून घ्या.

दिवा विझलेला आहे, तरी पाणी कोमट येतंय, तर मिक्सर तपासा. हँड शॉवरच्या मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे ठेवून नुसता हातातला खटका बंद केला, तर गरम आणि थंड लाइन आत एकमेकींना जोडल्या जातात. मग थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. बेसिनच्या थंड नळाला अचानक कोमट पाणी आलं तरी कारण हेच समजा. दोन्ही नॉब बंद करायची सवय लावा, नाहीतर प्लंबरकडून दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या.

मेसेज व्हॉइस नोटमध्ये पाठवू नका, सकाळी घाईत कुणी परत ऐकत नाही. लिहून टाका आणि ३० दिवसांसाठी पिन करा. पिन सुटली की गिझर पुन्हा मोजा. जानेवारीतली २० मिनिटं फेब्रुवारीअखेर १५ वर येतात आणि मार्चमध्ये टाकीचंच पाणी आंघोळीजोगं असतं, तेव्हा हा मेसेज काढून टाका.