प्रेस ऑपरेटरच्या मूल्यमापनात शेरा कसा लिहावा

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतील प्रेस शॉपमध्ये आर्थिक वर्षाच्या अखेरीस मूल्यमापनाचे फॉर्म भरायची वेळ आली, की शेऱ्याच्या दोन-तीन ओळींत बहुधा ‘काम चांगले. सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे. खाडे कमी करावेत,’ असे लिहिले जाते. हा शेरा कोणत्याही कामगाराच्या फॉर्मवर जसाच्या तसा चालतो. त्यातून इन्क्रिमेंट ठरवणाऱ्याला काही कळत नाही आणि उद्या नेमके काय बदलायचे हे कामगारालाही उमगत नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी रोजचा उत्पादन अहवाल, सुरक्षा तपासणीची वही आणि मस्टर असे तीन कागद समोर ठेवावेत, आणि सुरुवात सुरक्षिततेच्या वहीपासून करावी. उत्पादनाचा आकडा आधी पाहिला की मन त्यावर खूश होते आणि पुढच्या नोंदी सौम्य वाटू लागतात.

एक नमुना घेऊ. पॉवर प्रेसवरील एका ऑपरेटरचे उद्दिष्ट तासाला 300 नग आहे. तपासणीच्या वहीत ऑगस्ट आणि डिसेंबर अशा दोन नोंदी आहेत, की दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एका बटणात लाकडी पाचर मारलेली आढळली. दोन बटणे असतात ती स्ट्रोक पडताना दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून. एक बटण अडकवून ठेवले, की मोकळा हात पत्रा सरकवायला मिळतो, वेग वाढतो आणि बोटे रॅमखाली जातात. आता उत्पादन अहवाल उघडून त्याच शिफ्टचे आकडे पाहावेत. त्या दिवशी तासाला 345 नग आणि एरवी 305 नग निघाले असतील, तर वरच्या 40 नगांचे श्रेय कौशल्याला देता येत नाही. शेऱ्यात 305 हाच आकडा धरावा. त्याचबरोबर दोन्ही बटणे वापरून 300 नग निघणे इतर ऑपरेटरना जमते का, हेही तपासावे. कुणालाच जमत नसेल, तर दोष उद्दिष्टाचा किंवा पत्रा पुरवण्याच्या व्यवस्थेचा आहे आणि तो प्रॉडक्शन मॅनेजरपुढे मांडणे हे सुपरवायझरचे काम आहे.

डाय बिघडली, वीज गेली किंवा माल आला नाही, तो वेळ उत्पादनाच्या हिशेबातून वगळावा. मशीन प्रत्यक्ष चालू असलेल्या तासांवरच सरासरी काढावी.

‘वर्षभरात अपघात नाही,’ ही ओळ सुरक्षिततेच्या शेऱ्यात लिहू नये. अपघात न होणे हे पुष्कळदा नशिबाचे असते, शिवाय अशा ओळीला मोल आले, की बोटाला लागलेली किरकोळ जखमही लपवली जाते. त्याऐवजी डोळ्यांनी दिसलेली कृती लिहावी: डाय बदलताना मेन स्विच बंद करून सेफ्टी ब्लॉक लावतो का, गार्ड सैल झाल्याचे स्वतःहून कळवतो का.

मस्टरमध्ये या ऑपरेटरच्या 14 गैरहजेऱ्या आहेत, पण त्यांतील 8 मंजूर रजा आणि 4 ईएसआयच्या दाखल्यावरील आजारपणाच्या आहेत. या 12 दिवसांचा उल्लेख दोष म्हणून करणे अन्यायाचे ठरेल. उरलेले 2 खाडे न कळवता झालेले आहेत. आपल्या भागात वाळवा-पलूसकडच्या कामगाराला उसाची तोड अचानक मिळते. अशा वेळी शिफ्टच्या आधी फोन आला होता का, हे पाहावे. फोन आला असेल, तर तसे लिहावे, कारण सुपरवायझरला बदली माणूस लावता येणे हाच इथे खरा प्रश्न असतो.

आता शेरा असा होतो:

‘ऑगस्ट व डिसेंबरमधील तपासणीत दोन हातांच्या बटणांपैकी एक अडकवलेले आढळले; दोन्ही वेळा समज दिली, जानेवारीपासून पुन्हा आढळले नाही. डाय बदलताना सेफ्टी ब्लॉक नियमित लावतात. सुरक्षित पद्धतीने तासाला सरासरी 305 नग, उद्दिष्ट 300. न कळवता 2 खाडे. इतर रजा मंजूर.’

या शेऱ्यात ‘निष्काळजी’ किंवा ‘बेजबाबदार’ असा स्वभावावर बोट ठेवणारा एकही शब्द नाही, तरीही गंभीर गोष्ट पहिल्याच ओळीत आली आहे. समज दिल्याचा उल्लेख मात्र तारखेची नोंद असेल तरच करावा; बटणाबद्दल वर्षभर कुणीच बोलले नसेल, तर आधी ती समज द्यावी आणि शेऱ्यात ‘आज प्रथमच निदर्शनास आणून दिले’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

सही घेण्यापूर्वी शेरा कामगाराला मराठीत वाचून दाखवावा. त्याने एखादा खाडा नाकारला, तर मस्टर आणि गेटची नोंद त्याच्यासमोर पडताळावी, आणि तरीही मतभेद राहिला तर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत शेऱ्याखाली नोंदवून घ्यावे.