फॉर्ममधला खातेक्रमांक आणि पासबुकचा स्क्रीनशॉट: ताळा करताना या चुका टाळा

शिष्यवृत्ती, फी परतावा, अनुदान असा कोणताही फॉर्म घ्या, त्यात बँकेचा तपशील टाइप करायचा असतो आणि पुरावा म्हणून पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट जोडायचा असतो. फॉर्मवर एक आकडा आणि कागदावर दुसरा, असे झाले तर तपासणारा अर्ज परत पाठवतो. तो बरा प्रसंग. त्याच्याही नजरेतून सुटले तर पैसे पाठवताना बँकेची यंत्रणा मुख्यतः खातेक्रमांक बघते, नावावर भिस्त ठेवता येत नाही. चुकीचा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर रक्कम परत फिरते. तो दुसऱ्या कुणाचा असेल तर मात्र ती वसूल करायला महिने लागू शकतात.

सगळ्यात जास्त चुका तपासण्याच्या दिशेमुळे राहतात. आधी फॉर्म वाचायचा आणि मग कागदाकडे बघून ‘हो, आहे’ म्हणायचे, ही पद्धत टाळा. आकडा डोक्यात आधीच बसलेला असतो, आणि डोळा तोच शोधतो. आधी कागद वाचा, मग फॉर्म. आणि अखंड वाचू नका, चार-चार अंकांचे तुकडे करून उजवीकडून डावीकडे या.

समजा पासबुकवर 60004477012 आहे आणि फॉर्ममध्ये 60004470712. दोन्ही 11 अंकी, सुरुवात सारखी, शेवटचे 12 सारखे. घाईत बघितले तर दोन्ही एकच वाटतात. अंकांची बेरीजही दोन्हीकडे 31 येते, त्यामुळे बेरीज करून ताळा घेणाऱ्यालाही चूक सापडत नाही. तुकडे केले की कागदावर 7012, 0447 आणि उरलेले 600, आणि फॉर्मवर पहिल्याच तुकड्यात 0712. चूक तिथेच हाती लागते. सलग शून्ये आली की आणखी सावध राहा: 60000 मधले एक शून्य गळले तरी नजर ते भरून काढते. म्हणून आधी अंक मोजा, मग तुकडे जुळवा.

‘खातेक्रमांक पुन्हा टाका’ हा दुसरा रकाना बरेच जण पहिल्यातून कॉपी करून भरतात. मग त्या रकान्याचा उपयोगच संपतो. हाताने टाइप केला तरी तो फक्त बोट घसरल्याची चूक पकडतो. अस्पष्ट 8 तुम्ही 3 वाचला असेल तर दोन्ही वेळा 3 च टाकाल आणि फॉर्म काही बोलणार नाही. काही फॉर्मवर पहिल्या रकान्यात अंकांऐवजी ठिपके दिसतात. तिथे खरा ताळा प्रिव्ह्यू पानावरच घेता येतो.

अस्पष्ट अंकाबद्दल: पासबुकची छपाई बऱ्याचदा फिकट, तिरकी आणि पानावरच्या रेघेवर चढलेली असते. त्यात फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की तो आकसतो, आणि 3, 6, 8, 0 एकमेकांत मिसळतात. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला तर फक्त धूसरपणा मोठा होतो. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. तोही नसेल तर त्याच पानावर, त्याच छपाईत दुसरा 8 शोधा, उदाहरणार्थ पिनकोडमध्ये किंवा तारखेत, आणि शंकेचा अंक त्याच्याशी ताडून पाहा. तरीही खात्री होत नसेल तर अंदाज लावू नका, चेकवरचा खातेक्रमांक बघा. मात्र चेकच्या तळाच्या चुंबकीय पट्टीवरचे आकडे उचलू नका: तिथे चेक क्रमांक, 9 अंकी एमआयसीआर कोड आणि आणखी दोन छोटे आकडे असतात, पूर्ण खातेक्रमांक नसतो.

चुकीचा आकडा बरोबर वाचणे ही वेगळीच गंमत. स्टेट बँकेच्या पासबुकवर सीआयएफ क्रमांक आणि खातेक्रमांक दोन्ही 11 अंकी असतात आणि जवळजवळच छापलेले असतात. सीआयएफ हा ग्राहकाचा क्रमांक, खात्याचा नव्हे. त्यामुळे अंक मोजून ही चूक कळत नाही. आकड्याशेजारचे लेबल वाचावेच लागते. खातेक्रमांकाआधी छापलेली शून्ये घ्यायची की नाही, हे त्या फॉर्मच्या सूचनेत बघा.

आयएफएस कोड तुलनेने सोपा, कारण त्याची घडण ठरलेली आहे. एकूण 11 वर्ण: पहिली 4 अक्षरे बँकेची, पाचवा वर्ण नेहमी शून्य, उरलेले 6 शाखेचे. पाचव्या जागी इंग्रजी O टाइप झालेला असेल तर काही फॉर्म अडवतात, काही अडवत नाहीत. कोड टाकल्यावर बँक आणि शाखा आपोआप आली तर ती पासबुकवरच्या शाखेशी जुळवा; नुसता हिरवा टिकमार्क ‘असा कोड आहे’ एवढेच सांगतो, तो तुमच्या शाखेचा आहे असे नाही.

जुने पासबुक असेल तर कोड कागदाशी तंतोतंत जुळूनही चुकीचा असू शकतो. देना आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, आणि BKDN व VIJB ने सुरू होणारे त्यांचे कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. सिंडिकेट बँकेचे SYNB कोडही त्याच वर्षी 1 जुलैपासून बंद आहेत. अशा वेळी ताळ्यात वेळ घालवू नका, शाखेतून नवे पासबुक घ्या. खातेक्रमांकही बदललेला असू शकतो.

उत्पन्नाच्या दाखल्यावर अडचण वेगळी. आकडे बऱ्याचदा मराठी अंकांत असतात, आणि दिवसभर इंग्रजी अंक टाइप करणाऱ्याच्या नजरेला ५ हा 4 सारखा, ४ हा 8 सारखा, १ हा 9 सारखा भासतो. शिवाय १ आणि ९ फिकट छपाईत एकमेकांसारखेही दिसतात. त्यावरचा उपाय दाखल्यावरच असतो: रक्कम अक्षरी दिलेली असते. ₹ ९६,००० शेजारी ‘शहाण्णव हजार’ वाचा आणि मग फॉर्म बघा. तीन वर्षांचा दाखला असेल तर कोणत्या वर्षाची ओळ हवी, ते आधी ठरवा.

तिथे फॉर्ममध्ये 95999 किंवा 95998 दिसले तर तो टाइप करणाऱ्याचा दोष नसावा. काही ब्राउझरमध्ये कर्सर आकड्यांच्या रकान्यात असताना माउसचे चाक फिरवले की पान सरकण्याऐवजी आकडा एकेकाने बदलतो. रक्कम टाकली की बाहेर कोऱ्या जागी क्लिक करा, मगच खाली जा. दाखल्याची तारीखही पाहा: ब्राउझर अमेरिकन इंग्रजीवर असेल तर रकान्यात आधी महिना येतो, आणि 05/03/2024 म्हणजे 5 मार्चऐवजी 3 मे नोंदला जातो. दिवस 12 च्या पुढचा असता तर गडबड बहुधा लगेच दिसली असती. 12 पर्यंतच्या तारखा निमूट स्वीकारल्या जातात. म्हणून कॅलेंडर उघडून महिन्याचे नाव वाचा.

एक्सेलमधून आकडे चिकटवणार असाल तर तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल 15 अंकांपर्यंतच नेमके ठेवते. पंजाब नॅशनल बँकेच्या 16 अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो आणि सुरुवातीची शून्ये तर सगळ्याच खात्यांची गळतात.

शेवटचा ताळा टाइप केलेल्या रकान्यांवर नको, प्रिव्ह्यूवर किंवा डाउनलोड केलेल्या पीडीएफवर घ्या. ब्राउझरने आपोआप भरलेला जुना पत्ता, आयएफएस कोड दुरुस्त केल्यावर रिकामी झालेली शाखा, हे सगळे तिथेच दिसते. जोडलेली फाइलही उघडून पाहा. त्याच फोल्डरमधल्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पासबुकचा फोटो अपलोड झालेला असतो, आणि मग आकडे बरोबर असूनही अर्ज परत येतो.