पायोमेट्रा: हीट संपल्यानंतरच्या दोन महिन्यांत या चुका टाळा

वय झालेली, नसबंदी न केलेली कुत्री दवाखान्यात येते तेव्हा तक्रार बहुतेक वेळा साधीच वाटते. "दोन दिवस नीट जेवत नाही, पाणी मात्र खूप पिते, गप्प पडून असते." यावर माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ती शेवटची हीटवर कधी आली होती? "झाला असेल महिना-दीड महिना" असं उत्तर आलं, की मी आधी पोटाची सोनोग्राफी करायला घेते. गर्भपिशवीत पू साठण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, याच काळात होतो. त्यातून कुत्री दगावते, आणि एकदा प्रकृती घसरायला लागली की हातात उरलेला वेळ तासांत मोजावा लागतो.

हीट आणि आजाराचा संबंध न लावणं

बहुतेक घोटाळा इथूनच सुरू होतो. हीट संपली की मालकांच्या डोक्यातून विषय जातो, पण कुत्रीच्या शरीरात तो चालूच असतो. नराशी संबंध येवो न येवो, हीटनंतर साधारण दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन भरपूर असतं. पिल्लं राहतील या हिशोबाने ते गर्भपिशवीचं अस्तर जाड करतं, तिथल्या ग्रंथींतून स्राव वाढवतं, पिशवीचं आकुंचन थांबवतं आणि तिथली जंतूंशी लढण्याची ताकदही कमी करतं. पिल्लं राहिली नाहीत तरी हे सगळं दर हीटनंतर पुन्हा पुन्हा होतं. काही वर्षांनी अस्तरात पाण्याचे बारीक फोड धरू लागतात आणि ते पूर्ववत होत नाही. हीटमध्ये पिशवीचं तोंड उघडं असताना कुत्रीच्याच आतड्यातले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, वर चढतात. एरवी ते निघून गेले असते. जाड, ओल्या, हालचाल थांबलेल्या पिशवीत मात्र त्यांना वाढायला मोकळं रान मिळतं.

म्हणून हा आजार प्रामुख्याने सहा-सात वर्षांपुढच्या कुत्र्यांमध्ये आणि हीटनंतर दोन ते आठ आठवड्यांत दिसतो. कधी बारा आठवड्यांपर्यंतही दिसतो, आणि तरुण कुत्रीलाही तो होऊ शकतो. स्वीडनमध्ये सरसकट नसबंदी करण्याची पद्धत नसल्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदींतून याचं प्रमाण कळलं: नसबंदी न केलेल्या साधारण दर चार कुत्र्यांपैकी एकीला वयाच्या दहा वर्षांच्या आत पायोमेट्रा झालेला होता. हा दुर्मिळ आजार नाही.

"आता म्हातारी झाली, हीट बंद झाली असेल" हेही खूपदा ऐकायला मिळतं. बायकांची पाळी जाते तशी कुत्रीची हीट कायमची बंद होत नाही. वयानुसार दोन हीटमधलं अंतर वाढतं, रक्तस्राव कमी होतो आणि ती स्वतःच चाटून स्वच्छ राहते, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. रक्त दिसलेला पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि हीट संपून महिना झाल्यावर पुन्हा लाल-तपकिरी स्राव दिसला, तर "परत हीटवर आली" असं समजू नका. दोन हीटमध्ये सहसा सहा महिन्यांच्या आसपास अंतर असतं.

वाढलेल्या तहानेचं खापर ऊन, खाणं किंवा वयावर फोडणं

तहान हे पायोमेट्राचं फार लवकर दिसणारं आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलं जाणारं लक्षण आहे. पुवातल्या जंतूंचं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला लघवी घट्ट करू देत नाही. पाणी थांबतच नाही, पातळ लघवी होत राहते, म्हणून ती सतत पिते. वर्षानुवर्षं घरात कधीही न मुतलेली कुत्री रात्री हॉलमध्ये लघवी करून ठेवते आणि घरचे तिला रागावतात. काहीजण रात्री भांडंच उचलून ठेवतात. असं कधीही करू नका. बाहेर जाणारं पाणी तिला थांबवता येत नाही. पिणं बंद केलंत तर काही तासांत शरीरातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडं आणखी बिघडतात.

त्यापेक्षा पाणी मोजा. मापून भरा आणि चोवीस तासांनी उरलेलं वजा करा. निरोगी कुत्री दिवसाला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिली पाणी पिते. शंभर मिलीच्या वर गेलं तर ते नक्कीच जास्त आहे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या आजारातही तहान वाढते, त्यामुळे या आकड्यावरून निदान होत नाही. पण हीट नुकतीच संपलेली असेल आणि आकडा शंभरच्या वर असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचायला हवं.

स्राव दिसेपर्यंत थांबणं

पायोमेट्रा दोन प्रकारचा असतो. पिशवीचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो: पिवळट, तपकिरी किंवा रक्ताळलेला, दुर्गंधीयुक्त. शेपटीखालचे केस चिकट होतात, बसल्या जागी डाग पडतो, ती सारखी चाटत राहते. तोंड बंद असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. पिशवी फुगत जाते, पोट ताणलेलं दिसतं आणि विष रक्तात साठत राहतं. हा बंद प्रकार जास्त घातक, कारण कुत्री फार आजारी होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. पिशवी फाटून पू पोटात पसरण्याची भीतीही यातच जास्त. म्हणून घरी पोट दाबून बघू नका.

यातच आणखी एक फसगत होते. चार दिवस वाहणारा स्राव अचानक थांबतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. स्राव थांबला आणि त्याच वेळी ती अधिक सुस्त झाली, खाणं सोडलं, तर पिशवीचं तोंड बंद झालं असण्याची शक्यता आहे. हा क्षण आधीपेक्षा धोक्याचा.

"ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही"

कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. पायोमेट्रा झालेल्या अनेक कुत्र्यांचं तापमान याच मर्यादेत असतं. आजार बळावला आणि कुत्री शॉकमध्ये जाऊ लागली तर ते उलट खाली येतं. थर्मामीटर ९९ दाखवत असेल आणि हिरड्या फिक्या किंवा विटकरी पडल्या असतील, तर ताप नसल्याचं समाधान मानू नका. तेव्हा तिला उचलून थेट दवाखान्यात न्या.

नमुना म्हणून एक केस पाहू. नऊ वर्षांची, २८ किलोची लॅब्रेडॉर, हीट संपून पाच आठवडे झालेले. सोमवारी घरच्यांना भांडं लवकर रिकामं होतंय असं वाटलं. मंगळवारी मोजलं तर ३.५ लिटर, म्हणजे किलोमागे १२५ मिली. त्या दिवशी तिने निम्मं जेवण सोडलं. बुधवारी सकाळी एकदा उलटी, जिने चढायला नकार, पोट किंचित टणक. स्राव नाही. तापमान १०१.८. वरवर पाहता हे पोट बिघडल्यासारखं दिसतं. सोनोग्राफीत मात्र पिशवीच्या शिंगांसारख्या दोन्ही फाट्यांमध्ये गढूळ द्रव भरलेला, रक्तात पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या आणि मूत्रपिंडाचं काम बिघडल्यावर वाढणारं क्रिएटिनिनही चढलेलं. काही तास शिरेतून सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन त्याच संध्याकाळी ऑपरेशन. मंगळवारचं पाणी कोणी मोजलंच नसतं, तर बुधवारी उलटीची गोळी देऊन तिला घरी झोपवलं गेलं असतं.

अँटिबायोटिकवर भागवणं

पू पिशवीत कोंडलेला आहे आणि अस्तर आधीच बिघडलेलं आहे. नुसत्या गोळ्या तिथे पुरेशा पडत नाहीत. दोन दिवस कुत्री जरा तरतरीत दिसते आणि तेवढाच मोलाचा वेळ हातचा जातो. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन एरवीही कुत्र्याला विषारी ठरू शकतं, इथे तर मूत्रपिंडं आधीच संकटात असतात.

खरा इलाज म्हणजे गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकणं. पिल्लांसाठी ठेवलेल्या तरुण कुत्रीला, तोंड उघडं असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर अॅग्लेप्रिस्टोन किंवा प्रोस्टाग्लँडिनसारखी इंजेक्शनं देऊन पिशवी रिकामी करता येते. पण ते डॉक्टरांच्या रोजच्या देखरेखीखाली, आणि पुढच्या एखाद्या हीटनंतर आजार परतण्याची जोखीम पत्करून. दहा वर्षांच्या कुत्रीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

"या वयात भूल सोसेल का?" हा प्रश्न प्रेमापोटी येतो, मला तो समजतो. पण तुलना निरोगी कुत्रीच्या भुलीशी होत नसते. एका बाजूला सलाइन देऊन सावरल्यावर केलेलं ऑपरेशन, ज्यातून वेळेवर आणलेल्या बहुतेक कुत्र्या बऱ्या होतात. दुसऱ्या बाजूला न काढलेला पू. वय हे एकटं कारण धरून ऑपरेशन टाळू नका. ते पुढेही ढकलू नका, कारण दोन दिवसांनी भूल तीच असते आणि कुत्री मात्र जास्त खालावलेली असते.

निघण्याआधी फोन करून चार गोष्टी सांगा: वय, नसबंदी झालेली नाही, हीट कधी संपली, किती पाणी पिते. रात्र असेल तर रात्री ऑपरेशन करणारा दवाखाना विचारून घ्या. तिला जबरदस्तीने खायला घालू नका, पाणी मात्र ठेवा.

ऑपरेशननंतर तहान हळूहळू उतरते. आठवड्याभराने पुन्हा पाणी मोजा आणि मूत्रपिंडासाठी रक्ताची तपासणी परत करून घ्या; तहान उतरलीच नाही तर डॉक्टरांना तो आकडाच सांगा. आणि नसबंदी आधीच झालेल्या कुत्रीला पुढे कधी हीटची लक्षणं दिसली, मग स्राव आणि सुस्ती आली, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. अशा वेळी गर्भपिशवीच्या उरलेल्या टोकातही पू होतो, म्हणून "तिची तर नसबंदी झालीय" म्हणून तपासणी टाळू नका.