जपानीचा पहिला आठवडा: कुणाला काय म्हणायचं

जपानीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात अभिवादनं येतात. बहुतेक जण वहीत दोन रकाने आखतात, एकीकडे मराठी आणि एकीकडे जपानी, आणि पाठ करून टाकतात. पाठांतराला दोन संध्याकाळी पुरतात. पण जपानीत कुठलं अभिवादन वापरायचं हे समोर कोण आहे आणि आपण तिथं कोण आहोत यावर ठरतं, आणि ते त्या रकान्यांत मावत नाही. मी काही वर्षं जपानमध्ये वृद्धांच्या निवासी केंद्रात काम केलं आणि आता सांगलीत, विश्रामबागला, जपानी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत मिरजेत नर्सिंग शिकलेल्या मुली बऱ्याच असतात. त्यांना तिथं जे काम करायचं असतं त्याला काइगो म्हणतात, म्हणजे वृद्धांची रोजची सेवा. म्हणून त्या कामाच्या एका दिवसावरूनच सांगते.

खाली शब्दात जिथं ऽ आहे तिथं स्वर दुप्पट लांबवायचा. हे पहिल्या दिवसापासून पाळा. ओबासान म्हणजे काकू-मावशी आणि ओबाऽसान म्हणजे आजी. स्वर आखूड झाला की नातंच बदलतं.

सकाळी ड्यूटीवर आलात की ‘ओहायोऽ गोझाइमास’. लिहिताना शेवटी ‘सु’ असतो, पण बोलताना त्यातला उ जवळजवळ ऐकू येत नाही. नुसतं ‘ओहायोऽ’ हे घरच्यांना, मित्रमैत्रिणींना. ‘गोझाइमास’ जोडलं की ते वरिष्ठांना, शिक्षकांना, अनोळखी माणसाला चालतं. मराठीत आपण आदर ‘तू’ की ‘तुम्ही’ यावरून दाखवतो. जपानीत तो वाक्याच्या शेपटाला असतो, आणि ‘तुम्ही’साठीचा शब्द शक्यतो टाळलाच जातो. पुस्तकात ‘आनाता’ हा शब्द लवकर भेटतो. तो वरिष्ठांना वापरू नका. आडनाव घ्या आणि त्याला ‘सान’ लावा. स्वतःच्या नावाला मात्र ‘सान’ कधीच लावायचं नाही.

दुपारचं ‘कोन्निचिवा’ इथं फसवतं. मुलींना वाटतं, यालाही ‘गोझाइमास’ जोडलं की आदर वाढेल. तसं होत नाही. मुळात ते ‘आजचा दिवस तर…’ असं अर्धवट सोडलेलं वाक्य आहे, त्याला पुढे काही जोडता येत नाही. शेवटचा ‘वा’ लिहिताना ‘हा’ या अक्षराने लिहितात, तेही याच कारणाने. शिवाय ते थोडं बाहेरच्या माणसाचं अभिवादन आहे. भेटायला आलेल्या नातेवाइकांना ‘कोन्निचिवा’ म्हणा. रोज शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याला दुपारी म्हटलंत तर ते परकं वाटतं. त्याला ‘ओत्सुकारेसामा देस’ म्हणायचं, म्हणजे साधारण ‘दमलात हो’.

आता खोलीत शिरू. समजा खोलीत तानाका नावाच्या आजी आहेत. दार वाजवायचं, ‘शित्सुरेइ शिमास’ म्हणायचं आणि मग आत जायचं. या शब्दांचा भाव ‘आगाऊपणा करतेय, माफ करा’ असा आहे. आत जाताना, कुणाच्या अंगाला हात लावण्याआधी, बाहेर पडताना, फोन ठेवताना, सगळीकडे तेच चालतं. पहिल्या आठवड्यात एकच वाक्य घोटून पक्कं करायचं असेल तर हे करा.

आणि इथंच आपल्याकडच्या मुली हमखास अडखळतात. सांगली-साताऱ्याकडे म्हाताऱ्या बाईला ‘आजी’ आणि बुवांना ‘आजोबा’ म्हणणं हाच आदर. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही आपण ‘मावशी, जरा सरका’ म्हणतो. म्हणून ‘ओबाऽसान’ हा शब्द शिकल्या शिकल्या मुली तो तानाका आजींसाठी वापरतात. काइगोच्या प्रशिक्षणात मात्र तो टाळायलाच सांगतात. ‘तानाका-सान, ओहायोऽ गोझाइमास’ असं, आडनावाने आणि पूर्ण रूपात बोलायचं. तुम्ही त्यांना न्हाऊ-माखू घालता, कपडे बदलता, त्यांचं वय झालंय, त्या तुमच्यावर अवलंबून आहेत. अशा माणसाशी घरगुती आखूड बोली वापरली की त्यांना लहान मुलासारखं वागवल्यासारखं होतं. चुकलं हे ओळखायचं कसं? बहुधा कुणी तोंडावर सांगत नाही. आजी नुसतं ‘हाइ’, म्हणजे ‘हो’, म्हणतात आणि बोलणं तिथंच थांबतं. महिन्याभराने त्यांनी स्वतःहून लाडाने काही म्हटलं, तरी आपण आपलं रूप बदलायचं नाही.

आभार मानण्यात आणखी एक बारकावा आहे तो काळाचा. आजींनी बाही घालायला हात पुढे केला, तेव्हा ‘आरिगातोऽ गोझाइमास’. सगळं आवरून निघताना, झालेल्या गोष्टीबद्दल, ‘आरिगातोऽ गोझाइमाश्ता’. नुसतं ‘आरिगातोऽ’ फक्त मैत्रिणीला. आपल्या घरात आभार तोंडाने मानायची पद्धत फारशी नाही. आईनं ताट वाढलं तर आपण ‘धन्यवाद’ म्हणत नाही, म्हटलं तर ती चमकेल. तिथं मात्र सहकाऱ्यानं दार धरलं तरी बोलायचं. अशा वेळी पुष्कळदा ‘सुमिमासेन’ ऐकू येईल. एरवी तो माफीचा शब्द, इथं ‘तुम्हाला त्रास झाला’ या भावाने आभाराचाच.

मान झुकवण्याबद्दल थोडक्यात. हात जोडायचे नाहीत, ते शरीरालगत ठेवायचे आणि कंबरेतून वाकायचं. येता-जाता साधारण १५ अंश, नीट अभिवादन करताना ३०, मोठी माफी मागताना ४५. आधी बोलून घ्यायचं, मग वाकायचं.

संध्याकाळी निघताना ‘सायोऽनारा’ म्हणू नका. शाळेत मुलं शिक्षकांना म्हणतात, पण ऑफिसात रोज घरी निघणारा माणूस ते म्हणत नाही. त्यात लांबच्या निरोपाचा सूर आहे. निघणाऱ्यानं ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमास’ म्हणायचं, म्हणजे तुमच्याआधी निघतेय, माफ असावी. मागे राहणारे ‘ओत्सुकारेसामा देश्ता’ म्हणतात. याच्याजवळचा ‘गोकुरोऽसामा’ हा शब्दही कानावर पडेल, तो उचलू नका. तो वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचा असतो. झोपायला निघालेल्या तानाका-सानना ‘ओयासुमिनासाइ’, आणि तेही पूर्ण. मैत्रिणीला ‘ओयासुमि’ पुरे.

घरातून निघतानाचा जपानी निरोप आपल्याला शिकवावाच लागत नाही. आपल्याकडे ‘जातो’ म्हणालं की म्हातारी माणसं टोकतात, ‘येतो’ म्हण म्हणून. जपानीत ‘इत्तेकिमास’, शब्दशः ‘जाऊन येते’. घरात राहणारा ‘इत्तेराश्शाइ’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन ये’. परतल्यावर ‘तादाइमा’, ‘आले बरं का’ अशा अर्थी, आणि आतून ‘ओकाएरि’. वसतिगृहात तीन-चार जणी एकत्र राहत असाल तर दाराशी हे चार शब्द रोज वापरा.

सरावासाठी वर्गात मी एकच गोष्ट करून घेते. एक जण दाराबाहेर जाते, दुसरी एक चिठ्ठी उचलते. तीवर लिहिलेलं असतं: प्रमुख परिचारिका, तानाका-सान, भेटायला आलेला मुलगा किंवा सोबतची मैत्रीण. बाहेरची मुलगी दार उघडून आत येते, चिठ्ठी वाचते आणि तीन सेकंदांच्या आत बोलते. पहिल्या दिवशी सगळ्या जणी मैत्रिणीलासुद्धा ‘गोझाइमास’ लावतात. ती चूक मी दुरुस्त करत नाही, जास्त आदराने कुणाचं बिघडत नाही. तानाका-सानना नुसतं ‘ओहायोऽ’ म्हटलं की मात्र पुन्हा दाराबाहेर पाठवते.