आरएसयू वेस्ट झाले, टॅक्सपोटी शेअर कापले गेले: या चुका टाळा

हिंजवडी-खराडीत अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेत काम करणाऱ्यांना दर तिमाहीला एक मेल येतो: आरएसयू वेस्ट झाले, म्हणजे कंपनीने पगाराबरोबर टप्प्याटप्प्याने देऊ केलेले शेअर आता तुमच्या नावावर आले. लॉगिन करावं, तर १०० शेअर वेस्ट झाल्याचं लिहिलेलं असतं आणि खात्यात मात्र ६८ दिसतात. ३२ कुठे गेले, हे बहुतेकांना साधारण माहीत असतं, "टॅक्सला गेले." नेमकं या दोन शब्दांवर थांबल्यामुळे पुढे रिटर्न भरताना लाखांच्या चुका होतात. सहकाऱ्यांची कागदपत्रं बघताना त्याच त्या चुका मला दरवर्षी दिसतात, म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

समजा, १५ नोव्हेंबर २०२४ ला १०० शेअर वेस्ट झाले. त्या दिवशीचा भाव १५० डॉलर, आणि कंपनीने डॉलरचा दर ८४ रुपये धरला. म्हणजे एका शेअरची किंमत १२,६०० रुपये आणि १०० शेअरची १२ लाख ६० हजार. ही सगळी रक्कम पगाराचाच भाग आहे. कायद्याच्या भाषेत तो पर्क्विझिट, म्हणजे मालकाने दिलेला लाभ. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर सेससह ३१.२ टक्के, म्हणजे ३,९३,१२० रुपये टॅक्स होतो. त्याला १२,६०० ने भागलं की ३१.२ शेअर येतात. अर्धामुर्धा शेअर कापता येत नसेल तर ३२ जातात, आणि वर राहिलेले १०,०८० रुपये पगारातून परत मिळतात किंवा टीडीएसमध्येच जमा होतात.

पहिली चूक इथेच होते. खात्यात ६८ आले, म्हणून उत्पन्नही ६८ शेअरचंच, असं समजलं जातं. मग फॉर्म १६ मध्ये १२.६० लाखांचा आकडा दिसला की कंपनीने जास्त दाखवलं असं वाटतं. जास्त काही दाखवलेलं नाही. तुम्हाला १०० शेअर मिळाले आणि त्यातल्या ३२ शेअरच्या पैशांतून तुमचा टॅक्स भरला गेला. पगार एक लाख असेल आणि टीडीएस वीस हजार, तर आपण उत्पन्न ऐंशी हजार लिहीत नाही. तेच इथे.

खरी तपासणी वेगळीच करायला हवी, आणि ती त्याच महिन्याच्या पगारपत्रकात. टीडीएसच्या ओळीत त्या महिन्यात मोठा आकडा असतो, तो बघून घाबरू नका. त्याच पत्रकात शेअर कापून आलेली रक्कम तुमच्या नावे जमा दाखवली आहे का, ते शोधा. नाव प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, पण आकडा टॅक्सच्या ३.९३ लाखांच्या किंवा ३२ शेअरच्या पूर्ण किमतीच्या, म्हणजे ४.०३ लाखांच्या आसपास हवा. टीडीएस पगारातून वळता झाला, शेअरही गेले आणि जमेची ओळ मात्र नाही, तर तुमच्याकडून दोनदा वसुली झाली आहे. पेरोलला लगेच लिहा आणि वेस्टचं स्टेटमेंट जोडा. आर्थिक वर्ष संपण्याआधी ही दुरुस्ती सोपी असते.

उलटही होतं. वर्षाचं एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की १० टक्के सरचार्ज लागतो आणि दर ३४.३२ टक्के होतो. शेअर मात्र ३१.२ टक्क्यांनीच कापलेले असतात. उरलेला फरक पेरोल पुढच्या महिन्यांच्या पगारातून घेतं. म्हणून फेब्रुवारीत मोठं वेस्ट असेल, तर मार्चचा पगार जवळपास रिकामा येऊ शकतो. घराचा हप्ता त्या खात्यातून जात असेल तर आधीच तजवीज करा.

आता सगळ्यात महागडी चूक. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुम्ही ते ६८ शेअर १५५ डॉलरला विकले. विक्रीसाठी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो, धरायचा असतो. हिशेबासाठी तो ८६ धरू. एका शेअरचे आले १३,३३० रुपये, एकूण ९,०६,४४०. "मी तर शेअर विकत घेतले नव्हते," म्हणून अनेक जण खरेदीची किंमत शून्य लिहितात, आणि ब्रोकरच्या काही रिपोर्टमध्येही ती शून्य छापलेली असते. तसं केलं, तर नऊ लाखांवर पुन्हा ३१.२ टक्के, म्हणजे २,८२,८०९ रुपये टॅक्स बसतो. तोही ज्या रकमेवर नोव्हेंबरमध्ये टॅक्स भरून झाला आहे, जवळपास त्याच रकमेवर.

तुमची खरेदी किंमत म्हणजे पर्क्विझिट म्हणून धरलेला भाव, शेअरमागे १२,६०० रुपये. नफा ७३० रुपये गुणिले ६८, म्हणजे ४९,६४०. टॅक्स साधारण १५,४८८. फरक अडीच लाखांहून जास्त आहे. हा १२,६०० चा आकडा गूगलवरून वेस्टच्या दिवसाचा भाव आणि डॉलरचा दर शोधून काढू नका. कंपनीने टॅक्स ज्या रुपयांतल्या भावावर कापला, तोच घ्या. पेरोलकडून मिळणाऱ्या पर्क्विझिटच्या तपशिलात तो असतो. दोन्हीकडे एकच भाव असेल तर प्रश्न विचारला गेला तरी उत्तर तयार असतं.

हे शेअर अमेरिकेत लिस्टेड असले तरी भारतात ते लिस्टेड धरले जात नाहीत. म्हणून बारा नव्हे, चोवीस महिन्यांनंतर विकले तर नफा दीर्घ मुदतीचा होतो आणि १२.५ टक्के दर लागतो. मोजणी शेअर तुमच्या नावावर आल्यापासून होते, ग्रँटच्या, म्हणजे शेअर देऊ केल्याच्या पत्रावरच्या तारखेपासून नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटते: भाव डॉलरमध्ये पडला तरी रुपयांत नफा असू शकतो. वरच्या उदाहरणात शेअर १४८ ला विकला असता, तरी ८६ च्या दराने १२,७२८ रुपये आले असते.

त्या ३२ शेअरकडे परत येऊ. स्टेटमेंटमध्ये 'सेल टू कव्हर' लिहिलं असेल, तर ते शेअर आधी तुमचे झाले आणि मग बाजारात विकले गेले. ती तुमचीच विक्री आहे आणि भांडवली नफ्याच्या तक्त्यात दाखवावी लागते. १५० चा भाव धरलेला शेअर १४८.५ ला गेला असेल, तर थोडा तोटा निघेल. तो दाखवलात, तर ६८ शेअरच्या नफ्यातून वजा होतो. 'नेट सेटलमेंट' असेल, तर कंपनीने ते शेअर स्वतःकडेच ठेवले, ते तुमच्या खात्यात आलेच नाहीत आणि बाजारात विक्रीही झाली नाही. दोन्हींत खात्यात ६८च दिसतात, म्हणून स्टेटमेंट उघडून हा शब्द वाचल्याशिवाय रिटर्न भरू नका.

शेवटी परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए. एकही शेअर विकला नसेल तरी तो भरावा लागतो आणि त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही. तो कॅलेंडर वर्षाचा असतो. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये ३१ डिसेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षाची माहिती जाते, म्हणजे नोव्हेंबरमध्ये आलेले ते ६८ शेअर फेब्रुवारीत विकले असले तरी तक्त्यात येतातच. माहिती दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला, स्थावर सोडून, दंडातून सूट आहे. तक्ता भरण्यातून मात्र नाही. दरवर्षी वेस्ट होणाऱ्या माणसाचा साठा २० लाखांपलीकडे जायला फार वेळ लागत नाही.