अनुवादकाला काम देण्याआधी नमुना आणि चाचणीचा परिच्छेद कसा तपासावा

एका रुग्णालयाला ‘शस्त्रक्रियेपूर्वीच्या सूचना’ हे चार पानांचं इंग्रजी पत्रक मराठीत हवं होतं. पाच अनुवादकांनी अर्ज केले आणि पाचही जणांनी सोबत जुन्या कामाचे नमुने जोडले. निवड करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. नमुने वाचले तर पाचही चांगले वाटत होते. मग दोनशे शब्दांचा एक परिच्छेद सगळ्यांना दिला, आणि त्यांतल्या तिघांच्या अनुवादाप्रमाणे वागलेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या दिवशी अडचणीत आला असता, हे कळलं. तेव्हा मी जी पद्धत वापरली आणि आजही वापरते, ती इथे देते आहे. उदाहरणं त्याच पत्रकातली आहेत.

आधी नमुना, तोही मूळ मजकुराशिवाय

नमुना हा अनुवादकाने स्वतः निवडलेला असतो. त्यावर कदाचित संपादकाचा हात फिरलेला असतो. म्हणून नमुन्यावरून ‘घ्यायचं’ असं कधीच ठरवू नका. ‘नाही घ्यायचं’ एवढं मात्र त्यावरून ठरवता येतं.

पहिलं वाचन इंग्रजी बाजूला ठेवून आणि मोठ्याने करा. जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने खूण करा, कारण शोधत बसू नका. एका पानावर सात-आठ खुणा झाल्या की मग त्या वाक्यांकडे परत या. बहुतेक वेळा तिथे ‘-द्वारे’ आणि ‘गेले आहे’ यांची गर्दी दिसते: ‘डॉक्टरांद्वारे सल्ला दिला गेला असल्यास’. मराठीत आपण ‘डॉक्टरांनी सांगितलं असेल तर’ म्हणतो. अशी वाक्यं पानभर असतील, तर त्या माणसाने इंग्रजी वाक्य समजून घेतलेलं नाही, फक्त त्याचे शब्द बदलले आहेत.

दुसरी खूण सहज नजरेत येते. ‘रुग्णालय मध्ये’, ‘रुग्ण ला’ असे प्रत्यय शब्दापासून तोडून लिहिलेले दिसले की थांबा. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच येतो, आणि बहुतेक वेळा शब्दाचं रूपही बदलतो: रुग्णालयात, रुग्णाला. तोडून लिहिण्याची सवय हिंदीतून येते. असा मजकूर बऱ्याचदा इंग्रजीवरून केलेला नसतोच, आधी झालेल्या हिंदी अनुवादावरून उतरवलेला असतो. खात्री करायची असेल तर दोन्ही भाषांत असलेले पण वेगळ्या अर्थाचे शब्द शोधा. ‘आपल्याला काही आपत्ती असल्यास कळवा’ असं एका संमतिपत्राच्या नमुन्यात होतं. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत, मराठीत संकट. ‘गोळी खाली पोट घ्या’ हेही मी वाचलं आहे. ‘रिकाम्या पोटी’ किंवा ‘उपाशीपोटी’ ज्याला सुचत नाही, त्याच्या हाती रुग्णांसाठीचं पत्रक देऊ नये.

चाचणीचा परिच्छेद स्वतः बेतावा

दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. त्याहून मोठा उतारा द्यायचा असेल तर त्याचे पैसे द्यावेत. आणि एकच पत्रक तुकडे करून पाच जणांकडून फुकटात करून घेऊ नये, चांगले अनुवादक हे लगेच ओळखतात आणि परत तुमच्याकडे फिरकत नाहीत. मुदत दोन दिवसांची ठेवा.

उतारा तुमच्याच कागदपत्रातला घ्या, पण सुरुवातीचा नको. सुरुवातीला स्वागताची गुळगुळीत वाक्यं असतात, ती कोणालाही जमतात. मी मधला भाग घेतला आणि त्यात चार गोष्टी असतील असं पाहिलं: आकडा आणि मर्यादा असलेली सूचना, अटीचं नकारार्थी वाक्य, दोन अर्थांनी आलेला एकच शब्द, आणि इंग्रजी मजकुरातच एक विसंगती. विसंगती मी मुद्दाम घातली. वर ‘सकाळी ७ वाजता दाखल व्हा’ असं होतं, खाली ‘८ वाजता दाखल व्हा’.

सोबतच्या पत्रात एवढंच लिहिलं: वाचणारा रुग्ण आठवी-नववी शिकलेला असू शकतो, आणि काही शंका असतील तर अनुवादाखाली लिहा.

अर्थ तपासताना एकेक वाक्य

आता मूळ मजकूर शेजारी ठेवायचा. सगळा वेळ इथेच द्यावा असं मला वाटतं.

मूळ सूचना अशी होती की शस्त्रक्रियेच्या निदान ६ तास आधीपासून काही खाऊ नये, आणि ‘क्लिअर फ्लुइड्स’ मात्र २ तास आधीपर्यंत चालतील. पाचपैकी तिघांनी लिहिलं, ‘स्वच्छ द्रवपदार्थ’. शब्दकोशात क्लिअर म्हणजे स्वच्छ, हे खरंच आहे. पण इथे त्याचा अर्थ आरपार दिसणारं पेय असा आहे: पाणी, दूध न घातलेला चहा. दूध त्यात येत नाही, ते खाण्यातच धरलं जातं. घरी उकळून गाळलेलं दूध स्वच्छच असतं, त्यामुळे पत्रक वाचणारी बाई सकाळी कपभर दूध घेऊन येणार आणि तिची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणार. एका अनुवादिकेने लिहिलं होतं, ‘पाणी किंवा बिनदुधाचा चहा (दूध, ताक, गर असलेला रस चालणार नाही)’, आणि खाली टीप: ‘कंसातला मजकूर माझा आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या.’ माझं मत तिथेच जवळजवळ ठरलं. तिने शब्दाच्या पलीकडे जाऊन अर्थ शोधला, आणि स्वतः काय भर घातली तेही सांगितलं. टीप न लिहिता भर घातली असती, तर मी तो दोष धरला असता.

‘२ तास आधीपर्यंत’ यातही एक जण घसरला. त्याने लिहिलं, ‘२ तासांपर्यंत पाणी पिऊ शकता’. ते वाचून कोणी दोन तास पाणी पीत राहील. ‘निदान’ हा शब्द दोघांनी गाळला होता. एक शब्द गळला एवढंच दिसतं, पण तेवढ्याने ६ तास ही किमान मर्यादा राहत नाही.

मग अटीचं वाक्य. मुळात होतं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका. इंग्रजीत त्यात ‘अनलेस’ आहे. एकाने त्याचं केलं, ‘डॉक्टर सांगत नाहीत तोपर्यंत गोळ्या घेऊ नका’. पूर्ण उलटा अर्थ. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, सहज वाचलं जातं, म्हणूनच ते धोक्याचं. अनलेस, ऑनली इफ, नॉट लेस दॅन अशा जागी मी प्रत्येक वेळी थांबते आणि मराठी वाक्यावरून स्वतःला विचारते: गोळी घ्यायची की नाही? उत्तर मुळाशी जुळलं तरच पुढे जाते.

‘डिस्चार्ज’ हा शब्द उताऱ्यात दोनदा होता, एकदा घरी सोडण्याच्या आणि एकदा जखमेतून येणाऱ्या पाण्या-पुवाच्या अर्थाने. घरी सोडताना ‘डिस्चार्ज’ हाच शब्द लोक बोलतात, तो तसाच ठेवला तरी चालेल. पण ‘जखमेतून डिस्चार्ज झाल्यास’ असं लिहिणाऱ्याने वाक्य वाचलेलंच नाही. तीच गोष्ट ‘जनरल’ भुलीची. ‘सामान्य भूल’ वाचून रुग्णाला किरकोळ भूल वाटते, खरं तर ती ‘पूर्ण भूल’ आहे.

कोणत्या चुका माफ, कोणत्या नाहीत

चुका मोजू नका, त्यांची जात पाहा. मी तीन रंग वापरते. अर्थ बदलला तर लाल, मराठी अवघडली तर निळा, लेखनाची चूक असेल तर हिरवा. दोनशे शब्दांत दोन लाल खुणा झाल्या की मी तिथेच थांबते, बाकी मजकूर कितीही सुंदर असो. निळ्या खुणांबद्दल बोलता येतं, काही जण एकदा सांगितल्यावर फार चांगलं लिहितात.

हिरव्या खुणांत टंकलेखनाची घाई आणि न माहीत असणं यांत फरक करावा. एकदा ‘पाणि’ आणि बाकी सगळीकडे ‘पाणी’ असेल तर बोट घसरलं. पण ‘मूलाला’, ‘फूलाला’ असं दरवेळी येत असेल, तर शब्दाला प्रत्यय लागताना ‘मूल’चा दीर्घ उकार ‘मुलाला’मध्ये ऱ्हस्व होतो हे त्याला ठाऊक नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १८ आहेत, १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४. पैसे घेऊन अनुवाद करणाऱ्याला ते येत असावेत ही अपेक्षा जास्त नाही. ‘करणाऱ्या’ऐवजी सगळीकडे ‘करणार्या’ दिसलं तर त्याला कळफलकावर ‘ऱ्या’ कसा काढायचा ते माहीत नाही. हे शिकवता येतं, पण छापायच्या दिवशी ते तुमच्या डोक्यावर येतं.

आणखी एक गोष्ट पाहा. एका ओळीत ‘तुम्ही’, पुढच्या ओळीत ‘आपण’, मध्येच ‘रुग्णाने’ असं झालं असेल, तर त्याने अनुवाद तुकड्या-तुकड्यांत केला आणि शेवटी एकदाही सलग वाचला नाही.

शंका आणि एक फेरी

सात आणि आठ वाजताची विसंगती दोघींनीच दाखवली. बाकी तिघांपैकी दोघांनी दोन्ही आकडे निमूटपणे उतरवले. अनुवाद चुकला असं म्हणता येणार नाही, पण मूळ मजकुरात खरीच अशी चूक असती, तर ती तशीच छापली गेली असती. तिसऱ्याने तर दोन्हीकडे स्वतःहून ‘७’ केलं आणि सांगितलं नाही. ते मला सगळ्यांत वाईट वाटलं.

मग या दोघींना त्यांचे परिच्छेद खुणा करून परत पाठवले, आणि त्यात मुद्दाम एक खूण अशी केली की जिथे त्यांचंच बरोबर होतं. एकीने मुकाट्याने सगळं बदलून दिलं. दुसरीने बाकीच्या दुरुस्त्या केल्या आणि त्या एका जागी लिहिलं, ‘हे मी तसंच ठेवलं आहे’, आणि दोन ओळींत कारण दिलं. ती बिनदुधाच्या चहाचीच अनुवादिका होती. तिला काम दिलं.

तरीही छापण्याआधी एक पायरी ठेवली. तिने केलेलं पान रुग्णालयातल्याच एका सफाई करणाऱ्या मावशींना वाचायला दिलं आणि विचारलं, ‘मावशी, ऑपरेशन सकाळी दहाला असेल, तर शेवटचं जेवण कधी आणि पाणी कधीपर्यंत?’ त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, ‘पहाटे चारच्या आत खायचं, पाणी आठपर्यंत. आणि दुधाचा चहा नाही, तो खाण्यातच.’ त्याआधी ‘स्वच्छ द्रवपदार्थ’ लिहिणाऱ्या तिघांपैकी एकाचा परिच्छेद दिला होता, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ‘म्हणजे दूध गाळून घेतलं तर चालतं ना?’