ठिबकाचा सल्ला द्यायला शेतावर जाताना

खुरपं, टिकाव, मोजपट्टी, प्लास्टिकची बादली, कापडी पिशव्या, मार्कर, गट नंबर लिहायला चिठ्ठ्या. कृषी पदवी घेतलेल्या माणसाला हे सांगायला नको. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली मात्र सांगायलाच हवी. शक्यतो दोन घ्या. माती तपासायची म्हणून निघालेला माणूस पाण्याची बाटली हमखास विसरतो, आणि ठिबक पुढे अडतं ते पाण्यामुळेच.

मागच्या एका कामात मी हेच केलं. मातीचा नमुना व्यवस्थित घेतला, आराखडा काढला, पण पाणी तपासलं नाही. शेतकरी काका म्हणाले, "पाणी गोड आहे हो, आम्ही रोज पितो, त्याला काय तपासायचं?" मी मान डोलावली. दुसऱ्या उन्हाळ्यात ओळीच्या टोकाची टोमॅटोची झाडं दुपारी माना टाकायला लागली. नळी उभी चिरून पाहिली, तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर. म्हणून ही यादी. तिच्यात बाटली पुन्हा पुन्हा आली तर चालवून घ्या.

जायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा. शेवटचं खत कधी टाकलं, मोटार कुठल्या वेळी चालते आणि पाण्याचे स्रोत किती. खत टाकून तीन महिने झाले नसतील तर मातीचा नमुना घेऊ नका, उगाच फुगलेले आकडे येतात. मोटारीची वेळ विचारायचं कारण वेगळं. तीन फेजची लाइट नसताना गेलात तर पाण्याचा नमुनाही मिळत नाही आणि प्रवाहही मोजता येत नाही. विहीर आणि बोअर दोन्ही असतील तर बाटल्या दोन.

जमलं तर एप्रिल-मेमध्ये जा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी पातळ होतं, क्षार कमी दिसतात, आणि त्या अहवालावर काढलेला आराखडा उन्हाळ्यात तोंडावर आपटतो. रान मोकळं असल्यामुळे मातीसाठीही हेच दिवस बरे.

माती. रंग, उतार, खोली वेगळी दिसली की नमुना वेगळा. बांध, झाडाची सावली, शेणखताचा ढीग, जनावरं बांधायची जागा आणि पाणी साचतं तो कोपरा सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. हंगामी पिकाला नऊ इंच पुरे. खड्ड्याच्या बाजूची बोटभर जाडीची खाप वरपासून खालपर्यंत काढायची, नुसती वरची माती ओरबाडायची नाही. सगळी मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलोवर या. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीवर पसरू नका, हे दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी कुणीतरी पसरतंच. डाळिंबासारखी बाग लावायची असेल तर एक फूट, दोन फूट, तीन फूट असे वेगळे नमुने घ्या, कारण खालचा चुनखडीचा थर वरून दिसत नाही.

रानात आधीपासून ठिबक असेल तर ड्रिपरच्या बरोबर खाली नमुना घेऊ नका आणि ओलीच्या कडेलाही नको. पाणी बाहेर सरकताना क्षार कडेला नेऊन ठेवतं. कडेची माती खारट निघते आणि ड्रिपरखालची धुतलेली. दोन्ही आकडे फसवे, मधली जागा धरा.

तपासणीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं येतातच. मुक्त चुनखडी मात्र मागून घ्या. ती जास्त निघाली की स्फुरद आणि लोह टाकलं तरी जागेवर अडकतं, आणि मग तुमचा खताचा तक्ता कागदावरच राहतो.

आता बाटली. मोटार निदान पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आत हवा ठेवू नका. कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको. चिठ्ठीवर स्रोत, तारीख, गट नंबर. सावलीत ठेवा आणि होईल तर दुसऱ्या दिवशीच प्रयोगशाळेत पोचवा. मातीच्या पिशव्या घरी आठवडाभर राहिल्या तरी बिघडत नाही, पाण्याचं तसं नाही.

प्रयोगशाळेत नुसतं "पाणी तपासा" म्हणू नका. सामू, क्षारता, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड आणि बोअर असेल तर लोह, एवढं लिहून द्या.

आणि अहवाल आल्यावर खाली "सिंचनास योग्य" असं दिसलं की हुश्श करू नका. माझ्या त्या कामातलं पाणी नंतर तपासलं, तेव्हा सामू ७.९ होता. बायकार्बोनेट सहा मिलिइक्विव्हॅलंट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून पाच. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट काढायला पहिल्यातून दुसरं वजा करायचं, एक उरला. मर्यादा सव्वाची, म्हणजे पाणी चांगलं. जमिनीसाठी ते खरोखरच चांगलं होतं. पण तो शेरा जमिनीचा आणि पिकाचा असतो, ड्रिपरचा नसतो. वजाबाकीत जे कॅल्शियम तुमच्या बाजूने उभं राहतं तेच नळीत चुना होऊन बसतं. उन्हात काळी नळी तापते, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि ड्रिपरच्या तोंडाशी पाणी सुकताना चुना मागे राहतो. बायकार्बोनेट दोनच्या वर आणि सामू साडेसातच्या वर दिसला की नळी चोंदणार असं धरूनच आराखडा काढा. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींना हे नवीन नाही, आणि चवीला हे पाणी गोडच लागतं.

अहवाल यायच्या आधी अंदाज हवा असेल तर घरात जाऊन पाणी तापवायचा बंब किंवा पातेलं आतून बघा. पांढरा कडक थर असेल तर उत्तर मिळालं. बोअरचं पाणी भरताना स्वच्छ आणि तासाभराने तांबूस दिसलं तर लोह आहे. ते आधी टाकीत पडू देऊन, हवा लागू देऊन, बसू द्यावं लागतं, नुसत्या जाळीच्या फिल्टरने भागत नाही. पण म्हणून बाटली न्यायची नाही असं नाही. नळीतला चुना विरघळवायला आम्ल लागतं, आणि त्याची मात्रा पातेल्यावर काढता येत नाही.

प्रवाह मोजायला बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. मोटार किती एचपीची यावर जाऊ नका. पंधरा लिटरची बादली नऊ सेकंदांत भरली तर मिनिटाला शंभर लिटर, तासाला सहा हजार. मोटार तासभर चालल्यावर पुन्हा मोजा, प्रवाह उतरला असेल तर उतरलेलाच आकडा धरा.

आता एक एकर टोमॅटो घ्या, म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. नळ्या दीड मीटरवर, ड्रिपर ४० सेंटिमीटरवर, ताशी दोन लिटरचे. नळी साधारण २,६७० मीटर लागते, ड्रिपर ६,६७० च्या आसपास, आणि सगळे एकदम चालवायचे तर तासाला तेरा हजार लिटरच्या वर पाणी हवं. आपल्याकडे सहा. दोन भाग केले तरी पाणी अपुरं पडतं, म्हणून तीन व्हॉल्व्ह. प्रत्येक भागाला सुमारे साडेचार हजार लागतात, म्हणजे फिल्टर धुवायलाही पाणी उरतं. भर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर एकराला वीस हजार लिटर, प्रत्येक भाग दीड तास, एकूण साडेचार तास. आठ तासांच्या लाइटमध्ये बसतं. दुकानदार "दोन व्हॉल्व्हमध्ये भागेल" म्हणेल. तेव्हा हा कागद दाखवा.

पाणी जड निघालं तर आम्लाची सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात हवी, म्हणजे व्हेंच्युरी हवीच आणि प्रत्येक उपनळीला धुवायचा व्हॉल्व्हही. मात्रा बादलीतच काढा. दहा लिटर पाण्यात थोडं थोडं आम्ल टाकत सामू चारच्या आसपास आणा. वर सांगितलेल्या पाण्याला बाजारातलं हायड्रोक्लोरिक आम्ल दहा लिटरला सहा मिलिलिटरच्या आसपास लागतं. तासाला साडेचार हजार लिटरचा भाग पाऊण तासाच्या पाण्यानंतर पंधरा मिनिटं आम्लावर चालवायचा, म्हणजे अकराशे लिटर पाणी आणि पाऊण लिटरच्या आत आम्ल. रात्रभर नळीत राहू द्या, सकाळी टोकं उघडून धुवा. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा. क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर त्याच वेळी वापरू नका, विषारी वायू होतो. हे शेतकऱ्याला तोंडी सांगून सोडू नका, तुमच्यासमोर एकदा करून घ्या.

खतांचंही पाण्यावरच ठरतं. विद्राव्य खत त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात, काचेच्या बरणीत कालवून दोन तास ठेवा. दुधाळ झालं तर ते नळीत सोडायचं नाही. कॅल्शियम नायट्रेट स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत नको.

अनुदान. महाडीबीटीवर अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, बँक पासबुक, आणि सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का ते आधी बघा. पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक फूटही नळी विकत घेऊ देऊ नका.

बसवताना नळ्यांची टोकं उघडी ठेवून आधी धुवा, मग बंद करा. बोअरमधून वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन, शेततळं असेल तर सँड फिल्टर, जाळीचा किंवा डिस्कचा दोन्हींना लागतोच. फिल्टरच्या आधी-नंतरचा दाब लिहून ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी मग ठेवून पाणी मोजा, फार फरक असला तर तिथेच दुरुस्त करा. महिन्याने परत मोजा. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा नमुना नव्याने, बोअर खोल केली असेल तर लगेच. बिलाची आणि अहवालांची एक प्रत स्वतःकडे, एक शेतकऱ्याकडे.